वाव सांगते तरुणपणची उंची: घरच्या भिंतीवर दोन मापं कशी घ्यायची आणि ती जुळली नाहीत तर काय समजायचं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आई म्हणाली, "अगं, हल्ली सगळे परकर जमिनीवर लोळायला लागलेत. शिवणाऱ्याला सांगून दोन बोटं वर घ्यायला हवेत." मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर इतरांचे कणे बघते. तरी ते वाक्य ऐकून मी परकर उचलले आणि शिवायला टाकून आले. परकर काही वाढत नाहीत, आई बुटकी झाली होती, हे माझ्या लक्षात यायला आणखी चार महिने लागले. लक्षात आलं तेही तिची वाव मोजल्यावर. हे माप आपापल्या घरी नीट घेता यावं, यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोकणात समुद्राची खोली अजून वावेत सांगतात, दोरी दोन्ही हातांत ताणून ओढली की एक वाव. संस्कृतात यालाच व्याम म्हणतात. ही वाव माणसाच्या उंचीइतकी असते हे निरीक्षणही जुनं आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शरीराची मापं त्या माणसाच्याच अंगुळांत दिली आहेत. पूर्ण शरीर ८४ अंगुळं, आणि त्याचा आयाम व विस्तार, म्हणजे उंची आणि वाव, सारखे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही हेच लिहिलं, आणि त्यावरून लिओनार्दोने १४९० च्या सुमारास वर्तुळ-चौकोनातला तो हात पसरलेला माणूस काढला.

दोन्ही मापं सारखी का येतात

वाव म्हणजे दोन हात आणि मधली खांद्यांची रुंदी. उंची म्हणजे पाय, धड, मान आणि डोकं. या दोन बेरजांना एकमेकींशी जुळवून घ्यायला लावणारं शरीरात काहीही नाही. हात वाढताना उंचीकडे बघून वाढत नाहीत. तरी त्या जुळतात, कारण दोन्हींचा मोठा वाटा एकाच प्रकारच्या हाडांतून येतो. दंडाचं हाड, हाताची दोन हाडं, मांडीचं हाड, नडगी ही सगळी लांब हाडं. त्यांच्या टोकांशी कूर्चेची पातळ चकती असते, तिला वाढीची चकती म्हणू. हाड तिथेच लांब होतं. या सगळ्या चकत्यांना वाढीचं संप्रेरक आणि थायरॉइड एकाच रक्तातून मिळतं, अन्न आणि आजारपणही एकच. त्यामुळे ज्याचे पाय लांब त्याचे हातही साधारण लांब.

जन्मतः मात्र असं नसतं. तान्ह्या बाळाचं डोकं आणि धड मोठं, हातपाय आखूड. त्याची वाव लांबीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटरने कमीच भरते. हातपाय धडापेक्षा वेगाने वाढत जातात आणि साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास, मुलींत जरा उशिरा, वाव उंचीला गाठते. वयात येताना हातपाय आधी झेप घेतात आणि आधी थांबतात, धड मागून येऊन भर घालतं. म्हणून चौदा वर्षांचा मुलगा काही काळ नुसता हातापायांचा दिसतो. शेवटी इस्ट्रोजेनमुळे या चकत्या हाडात बदलून बंद होतात. हे मुलांमध्येही इस्ट्रोजेनमुळेच होतं, टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो.

म्हणजे "सारखी" हा शब्द सैल धरायचा. प्रौढांमध्ये वाव बहुधा उंचीपेक्षा थोडी जास्त भरते, पुरुषांमध्ये बायकांपेक्षा अधिक. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी लोकांमध्ये हा फरक आणखी मोठा असतो. एखाद्या माणसाची वाव जन्मभर उंचीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त असेल तर तो त्याचा बांधा आहे, आजार नव्हे. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचं सगळं उगाच घाबरवणारं ठरेल.

आता खरी कामाची गोष्ट. चकत्या बंद झाल्यावर लांब हाडं मरेपर्यंत तेवढीच राहतात. वयामुळे दंडाचं हाड आखूड होत नाही. आखूड होतो तो पाठीचा कणा, आणि कणा फक्त उंचीत मोजला जातो, वावेत नाही. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाची वाव म्हणजे त्याच्या पंचविशीतल्या उंचीची शरीरावर राहिलेली नोंद.

वाव मोजताना

दाराशेजारची कोपऱ्याची भिंत निवडा. कोपरा हवा, कारण एका हाताचं मधलं बोट आडव्या भिंतीला टेकलं की ते टोक हलत नाही आणि तुम्हाला फक्त दुसऱ्या टोकाकडे लक्ष द्यावं लागतं. माणूस अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभा. हात खांद्याच्या पातळीत सरळ आडवे, तळवे समोर, कोपर पूर्ण ताठ. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा. नख वाढलेलं असेल तर नखाच्या नव्हे, बोटाच्या टोकाशी. माणूस बाजूला झाला की सुताराच्या स्टीलच्या टेपने कोपऱ्यापासून खुणेपर्यंत मोजा. शिवणकामाची कापडी टेप नको, ती वापरून ताणलेली असते आणि भिंतीवर झोळ पडतो.

बहुतेक चुका हात खाली येण्यातून होतात. वयस्कर माणसाला हात आडवे धरून ठेवणं जड जातं आणि खूण करेपर्यंत ते हळूहळू उतरतात. सत्तर सेंटीमीटर लांबीचा हात आडव्यापासून दहा अंश खाली आला तर त्या बाजूला सुमारे एक सेंटीमीटर कमी भरतं, दोन्ही बाजूंचे मिळून दोन. म्हणून खांद्याच्या उंचीवर भिंतीवर आधीच एक आडवी फिकट रेघ मारून ठेवा आणि मनगटं त्या रेघेवर राहू द्या. उलट चूकही होते. कोणी "अजून ताण, अजून ताण" म्हणालं की माणूस कंबरेतून एका बाजूला वाकतो. ताणायला सांगायचं, पण डोकं जागेवर आहे ना हे बघायचं.

तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे एका सेंटीमीटरच्या आत आले तर मधला घ्या. नाही आले तर काहीतरी हलतंय, थोडं बसवून पुन्हा मोजा.

मधुमेह असलेल्यांत आखडलेला खांदा फार दिसतो, पक्षाघातानंतर एक हात उघडत नाही, कोणाचं मनगट पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं असतं. अशा वेळी चांगल्या बाजूची अर्धी वाव घ्यायची. गळ्याच्या खाली, दोन्ही हासळ्यांच्या मधे जो खळगा लागतो, त्याच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. पाठ इतकी वाकलेली असेल की भिंतीला लागतच नाही, तर पलंगावर झोपवून हीच अर्धी वाव मोजा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीतही हाच मार्ग.

उंची मोजताना

उंचीचं माप सोपं वाटतं म्हणून जास्त चुकतं. टाचा, नितंब आणि जमत असेल तर खांदे भिंतीला. नजर समोर, अशी की डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत येतील. हनुवटी वर उचलली की आकडा बिघडतो. अंबाडा असेल तर सोडायला सांगा. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक नको, ते तिरकं होतं. गवंड्याचा गुण्या मिळाला तर उत्तम, एक बाजू भिंतीला घट्ट आणि दुसरी डोक्यावर. तो नसेल तर चौकोनी लाकडी ठोकळाही चालतो.

वेळ सकाळची ठरवा आणि दरवेळी तीच पाळा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची एखाद सेंटीमीटरने, कधी त्याहून जास्त, कमी होते. एकदा सकाळी आणि पुढच्या वर्षी संध्याकाळी मोजलंत तर नसलेली घट सापडेल.

आईचे आकडे

आईचं वय तेव्हा एकाहत्तर. वाव १५६.५ सेंटीमीटर. उंची १४७.५. फरक नऊ सेंटीमीटरचा. मी आधी टेप तपासली, मग पुन्हा मोजलं. तेच आलं.

एवढ्यावरून निष्कर्ष काढला असता तर ती घाई झाली असती, कारण तिची वाव मुळातच उंचीहून मोठी असू शकते. म्हणून जुनी उंची शोधली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर पादत्राणांशिवायची उंची लिहिलेली असते. त्या पानाची झेरॉक्स पेन्शनच्या फायलीत निघाली. ५ फूट १ इंच, म्हणजे १५५ सेंटीमीटर. तरुणपणी तिची वाव उंचीहून दीडच सेंटीमीटर जास्त होती. उरलेले साडेसात सेंटीमीटर कण्यातून गेलेले.

तुमच्याकडे सेवापुस्तक नसेल तर जुन्या हस्तलिखित पासपोर्टात उंची असते, पोलीस किंवा सैन्यात भरतीच्या कागदांवर असते. काहीच मिळालं नाही तर त्या व्यक्तीला विचारा, तरुणपणची सर्वांत जास्त उंची किती होती. आठवणीतली उंची थोडी वाढवून सांगितली जाते, हे धरून चाला. वाव इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. आठवणीतली उंची आणि वाव जवळजवळ जुळत असतील तर आठवणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

चार सेंटीमीटर ही आकड्यांची सीमा लक्षात ठेवा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल, किंवा स्वतः नोंदवलेल्या दोन मापांमध्ये दोन सेंटीमीटरची घट आली असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाकडे बघणारे डॉक्टर कण्याचा फोटो काढायला सांगतात. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या सुकतात आणि थोडी उंची त्यातून जातेच, ते वेगळं. पण मोठी घट असली की एखादा मणका दबून मोडलेला असण्याची शक्यता वाढते. मणक्याची अशी मोडतोड बहुतेक वेळा कळतच नाही. साधारण तीनांतली दोन कोणाच्याही नजरेत येत नाहीत. पाठ दुखते, लोक बाम लावतात, आणि "वय झालं" म्हणून विषय मिटतो.

आईच्या एक्सरेत दोन मणके दबलेले निघाले, छातीचा शेवटचा बारावा आणि कंबरेचा पहिला. कण्याचा ताठ भाग जिथे लवचीक भागाला मिळतो तो हा सांधा, सगळ्यात जास्त मोडतोड इथेच होते. मणका पुढच्या बाजूने दबतो आणि पाचरीसारखा होतो. एका मणक्याची उंची अडीच सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही अर्धे दबले तरी अडीच सेंटीमीटरच जातील, मग साडेसात कुठून आले? बाकीचे पाचरीमुळे आलेल्या बाकातून आणि सुकलेल्या चकत्यांतून. वाकलेली काठी तेवढीच लांब असते, पण उभी केली तर कमी उंच भरते.

पुढे हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली, ड जीवनसत्त्व तपासलं, हाडांचं औषध सुरू झालं. तो भाग डॉक्टरांचा. माझं काम तिला न वाकता पाण्याची बादली कशी उचलायची आणि पाठीच्या स्नायूंचे कोणते व्यायाम करायचे ते शिकवणं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याचा प्रकार बंद केला, दबलेल्या मणक्यावर त्याचाच सर्वांत जास्त भार येतो.

घरीच करायच्या आणखी दोन खात्र्या

वाव आणि उंचीत मोठा फरक दिसला की टेप बाजूला ठेवून या दोन गोष्टी बघा. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहिल्यावर, हनुवटी वर न करता, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. मधे हात जात असेल तर छातीच्या कण्यात बाक आला आहे. दुसरी गोष्ट, माणूस उभा असताना त्याच्या मागे उभं राहून काखेच्या रेषेत शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यात किती बोटं बसतात ते बघा. दोन बोटंही नीट बसत नसतील तर कंबरेचे मणके दबलेले असू शकतात. आईला भिंतीपाशी चार बोटांचं अंतर होतं आणि बरगडीखाली जेमतेम एक बोट. मग ब्लाउज पुढून सैल आणि परकर लांब का झाला हे वेगळं सांगायला नको.

एक अपवाद इथेच सांगते. गुडघे झिजून पूर्ण सरळ होत नसतील तर उभ्याची उंची कमी भरते, पण त्यात कण्याचा दोष नसतो. हे ओळखायला पाठ भिंतीला लावून स्टुलावर बसवून डोक्यापर्यंतचं माप घ्या. बसलेलं माप चांगलं भरत असेल आणि उभं कमी, तर घट पायांत आहे.

चुकीची उंची लिहिली की काय होतं

या सगळ्याच्या आधी एका आरोग्य शिबिरात आईची उंची १४७.५ आणि वजन ५१ किलो मोजलं गेलं होतं. त्यावरून बॉडी मास इंडेक्स २३.४ निघाला. भारतीयांसाठी २३ च्या वर वजन जास्त धरतात, म्हणून तिला वजन कमी करायला सांगितलं. तिने रात्रीची भाकरी सोडली, दूधही. खऱ्या १५५ उंचीवर तोच आकडा २१.२ येतो. तिचं वजन योग्य होतं, आणि हाडं ठिसूळ असलेल्या बाईने अन्न कमी करणं तर अगदीच नको होतं. याचा मला अजून राग येतो, कारण टेप तिथे होतीच, फक्त ती आडवी धरली गेली नाही.

फुफ्फुसाच्या तपासणीत हेच उलट्या बाजूने घडतं. फुंकर मारायच्या चाचणीत मशीन वय, लिंग आणि उंचीवरून ठरवतं की या माणसाची क्षमता किती असायला हवी. कुबड आलेल्या माणसाची आजची कमी उंची भरली तर अपेक्षाही कमी होते आणि बिघडलेलं फुफ्फुस चांगलं असल्याचा निकाल येतो. म्हणून कण्याला बाक असेल तर तिथे उंचीऐवजी वाव वापरतात. अशा रुग्णाबरोबर जाल तेव्हा तंत्रज्ञाला वावेचा आकडा आठवणीने सांगा.

तरुण माणसात फरक दिसला तर

आईची वाव भागिले उंची केली तर १.०६ येतात. आता पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा कल्पा, उंची १७६, वाव १८७. त्याचंही उत्तर १.०६. आकडा एकच, गोष्ट पूर्ण वेगळी. आईचं धड आखडलं होतं, इथे हातपाय लांब वाढले आहेत.

अशा मुलात मारफान सिंड्रोमचा विचार करावा लागतो. त्यात शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींतलं एक प्रथिन, फिब्रिलिन, सदोष असतं. हाडं लांब वाढतात हे डोळ्यांना दिसतं, पण धोका असतो हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला, ती हळूहळू फुगते आणि फाटू शकते. वाव-उंचीचं गुणोत्तर १.०५ च्या वर असणं ही त्याच्या अनेक खुणांपैकी एक, आणि एकटी असेल तर तिला फार वजन नाही. कण्याला बाजूचा बाक असेल तर उंचीच कमी होऊन हा आकडा फुगतो, तेव्हा ती खूण धरतच नाहीत. जोडीला आणखी दोन गोष्टी करून बघा. अंगठा मुठीत घालून मूठ मिटली की अंगठ्याचं पूर्ण टोकाचं पेर करंगळीच्या बाजूने बाहेर येतं का? एका हाताने दुसरं मनगट वेढलं तर अंगठा करंगळीचं सगळं नख झाकतो का? दोन्ही होत असतील, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर टू-डी इको करून घ्या. बास्केटबॉल किंवा वेटलिफ्टिंग सुरू करायच्या आधी करा.

लांब वावेचं दुसरं कारण म्हणजे वयात येणं लांबणं. इस्ट्रोजेन उशिरा मिळालं की हातापायांच्या चकत्या उघड्याच राहतात आणि हाडं वाढत राहतात. वाव उंचीपेक्षा पाच सेंटीमीटरहून जास्त, पाय लांब, आणि अठराव्या वर्षीही दाढीमिशी नाही किंवा पाळी नाही, असं असेल तर संप्रेरकांच्या डॉक्टरकडे न्या.

वाव उंचीपेक्षा बरीच कमी भरली तर हातांची हाडं आखूड आहेत. अकॉन्ड्रोप्लेसिया या जन्मजात विकारात धड जवळजवळ नेहमीचं असतं, दंड आणि मांड्या विशेष आखूड राहतात. तो लहानपणीच ओळखू येतो, त्याला टेपची गरज नसते. दहा वर्षांखालच्या मुलाची वाव थोडी कमी आली तर मात्र त्यात काहीही वावगं नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आता दोन खुणा आहेत. आडवी १५६.५ ची, ती बदलणार नाही. उभी १४७.५ ची, शेजारी तारीख. दर सहा महिन्यांनी सकाळी चहाच्या आधी आई तिथे उभी राहते आणि मी गुण्या डोक्यावर ठेवते. चार वेळा मोजलं, खूण अर्ध्या सेंटीमीटरच्या आतच राहिली आहे. दोन सेंटीमीटर खाली सरकली तर त्याच आठवड्यात पुन्हा एक्सरे काढायचा, हे आम्ही दोघींनी ठरवून ठेवलं आहे.